पाळी कमी होत जाते तेव्हा

सुजाताची फाईल चांगली दोन बोटं जाड होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, वय एकोणतीस. फाईलमध्ये थायरॉइडचे चार रिपोर्ट, नवऱ्याच्या वीर्यतपासणीचे तीन, अंडं फुटण्याच्या गोळ्यांच्या आठ चिठ्ठ्या आणि सोनोग्राफीचे कागद तर मोजलेच नाहीत. सगळं तारखेनुसार लावलेलं, नवऱ्याने स्वतः पंच करून. मी शेवटच्या पानापर्यंत गेले आणि परत पहिल्या पानावर आले, कारण मला हवी ती एक ओळ कुठेच नव्हती. म्हणून तिलाच विचारलं, "पाळी किती दिवस असते?"

"नियमित येते, मॅडम. अठ्ठावीस-तीस दिवसांनी."

"येते ते कळलं. आल्यावर किती दिवस जातं?"

ती जरा थांबली. "आता दीड दिवस. पहिल्या दिवशी एक पॅड, तेही नुसतं डागाचं. लग्नाआधी पाच दिवस जायचं, चार-चार पॅड लागायची." मग आपणहून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, अशक्तपणा आहे."

हे पुस्तक त्या एका न विचारलेल्या प्रश्नातून जन्मलं. सुजाता हे नाव खरं नाही आणि ती एकच बाईही नाही. माझ्या तपासणीच्या खोलीत येऊन गेलेल्या काही जणींच्या कागदांवरून ही कहाणी मी जुळवली आहे. पण त्यातला प्रत्येक तपशील मी कुणा ना कुणाच्या फाईलमध्ये वाचलेला आहे.

पाळी नियमित येते म्हणजे अंडाशयाचं काम चाललं आहे. पाळी कमी होत जाते म्हणजे गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सुजाताच्या सहा वर्षांत पहिल्या गोष्टीवरच सगळे उपचार झाले. दुसरीचं कारण तिच्या पंधराव्या वर्षात होतं. "छातीत पाणी झालं होतं," ती म्हणाली. "सुईने काढलं. मग गोळ्या दिल्या सहा महिन्यांच्या. मला दोन महिन्यांत बरं वाटलं, दहावीचं वर्ष होतं, त्या तशाच राहिल्या."

छातीत पाणी होण्याचं आपल्याकडे तरुण मुलींमधलं नेहमीचं कारण टीबी. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की त्यातले काही रक्तातून शरीरभर फिरतात आणि जिथे बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं तिथे बसतात. गर्भनलिका ही अशीच एक जागा आहे. तिथे ते वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात. मुलगी वयात येते, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि कधीतरी ते जागे होतात. तोवर छातीचा एक्स-रे बहुतेकींचा स्वच्छ झालेला असतो. खोकला नसतो, वजन घटलेलं नसतं, संध्याकाळचा ताप असलाच तर अंगाबाहेर दिसत नाही इतका बारीक. बाई दिसायला ठणठणीत असते आणि म्हणून तिच्याकडे बघून कुणाला टीबी आठवत नाही.

या पुस्तकाचा पहिला भाग नळ्यांचा आहे, कारण रोग तिथूनच सुरू होतो. जननेंद्रियांचा टीबी झालेल्या जवळपास सगळ्या जणींच्या नळ्यांना इजा झालेली असते, आणि सहसा दोन्ही बाजूंच्या. नळी म्हणजे नुसती पोकळ वाट असती तर गोष्ट सोपी होती. तिच्या आतून मखमलीसारख्या घड्या असतात आणि त्या घड्यांवरचे सूक्ष्म केस अंडं पुढे ढकलत असतात. जंतू याच मखमलीवर घाला घालतात. घड्या एकमेकींना चिकटतात, स्नायूंच्या जागी वण येतो, लवचिक नळी कडक होते. मग ती कुठे अरुंद, कुठे फुगीर होते. टोक बंद झालं तर आत पाणी साचून ती फुग्यासारखी होते.

हे दिसतं ते एचएसजी नावाच्या एक्स-रेमध्ये. पाळी थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत, गर्भाशयात रंगद्रव सोडून फिल्म काढतात. निरोगी नळीतून तो द्रव नागमोडी धाग्यासारखा जातो आणि टोकाशी धुरासारखा पसरतो. सुजाताची फिल्म मी उजेडाच्या पेटीवर लावली तेव्हा उजवी नळी मध्यावर तुटलेली दिसली, आणि तिथपर्यंतचा भाग वाकच नसलेला, ताठ, मध्येमध्ये गाठी असलेल्या मण्यांच्या माळेसारखा. डावी टोकाशी फुगून थांबलेली. आणि या दोन्हींच्या मध्ये गर्भाशयाची पोकळी, जी त्रिकोणी आणि गुळगुळीत काठांची असायला हवी, ती आक्रसलेली आणि कडेने कुरतडल्यासारखी. तीन वर्षांपूर्वीच्या त्या फिल्मच्या रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलेलं होतं : दोन्ही नळ्या बंद.

नळ्या बंद असण्याला टीबी हे एकच कारण नाही, हेही इथेच सांगते. बाळंतपणातला किंवा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, क्लॅमिडिया, फुटलेलं अपेंडिक्स यांनीही नळ्या चिकटतात. तपासणीच्या वेळी बाई घाबरली तर नळीचं तोंड आवळून घेतं आणि ती बंद असल्यासारखी दिसते. म्हणून "बंद" या शब्दापाशी थांबून चालत नाही. कुठे बंद, कशी बंद, आणि शेजारच्या पोकळीचे काठ कसे आहेत, हे पाहावं लागतं. ताठ मण्यांची नळी आणि कुरतडलेली पोकळी एकत्र दिसली की टीबीचा संशय घट्ट होतो.

दुसरा भाग अस्तराचा, आणि माझ्या मते या विषयाचं खरं मर्म तिथे आहे. नळीतले जंतू खाली उतरून अर्ध्याहून अधिक जणींच्या अस्तरात पोचतात. पण अस्तराला एक विलक्षण संरक्षण आहे. त्याचे दोन थर असतात. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि पाळीत गळून जातो. खालचा, पायाचा थर राहतो आणि त्यातून पुन्हा नवा वरचा थर उगवतो. जंतू पडतात ते आधी वरच्या थरात. तिथे त्यांच्याभोवती पेशींची गाठ जमायला दोनएक आठवडे लागतात. गाठ तयार होते न होते तोच पाळी येते आणि जंतूंसकट सगळं धुऊन निघतं. पुढच्या महिन्यात नळीतून पुन्हा नवे जंतू उतरतात. हा खेळ वर्षानुवर्षं चालू राहू शकतो आणि त्या काळात पाळी अगदी नेहमीसारखी असू शकते.

मग कधीतरी रोग पायाच्या थरात उतरतो. तिथे गळून जाणं नाही. तिथे जे जळतं त्याच्या जागी वण येतो आणि वणातून अस्तर उगवत नाही. समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात. पाळी पाच दिवसांची तीन दिवसांवर येते, मग दीड दिवसावर, काहींची पूर्ण थांबते. सोनोग्राफीत अंडं फुटायच्या वेळी अस्तर साधारण 8 ते 12 मिलिमीटर असावं लागतं. 7च्या खाली गेलं तर गर्भ रुजणं अवघड होतं. सुजाताचं 5 होतं, शेजारी 19 मिलिमीटरचं सुरेख वाढलेलं अंडं असताना. म्हणजे अंडाशय आपलं काम चोख करत होता, संप्रेरकं पोचत होती, आणि ज्याने त्यांना प्रतिसाद द्यायचा तो थरच उरला नव्हता.

पातळ अस्तराचीही इतर कारणं आहेत. वारंवार केलेलं क्युरेटिंग हे सगळ्यांत मोठं, आणि अंडं फुटण्याच्या काही गोळ्या त्या महिन्यापुरतं अस्तर पातळ करतात. पण जिचं कधी क्युरेटिंग झालेलं नाही, गोळ्या बंद करूनही अस्तर वाढत नाही आणि जिची पाळी वर्षावर्षाने आटत गेली आहे, तिच्या बाबतीत आपल्या देशात टीबीचा विचार पहिला करायला हवा.

तिसरा भाग निदानाचा. तो मी सगळ्यांत लांब ठेवला आहे, कारण चुका तिथे दोन्ही दिशांनी होतात.

पहिली चूक म्हणजे रोग असून न सापडणं. थुंकीत जंतू दिसायला एक मिलिलिटरमध्ये जवळपास 10,000 लागतात. अस्तराच्या तुकड्यात ते मूठभरही नसतात, म्हणून काचेवर रंगवून पाहिलं तर बहुधा काहीच दिसत नाही. कल्चर त्याहून पुष्कळ कमी जंतूंतही उगवतं, पण त्याला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात. तुकडा कधी घेतला यालाही फार महत्त्व आहे. पाळीनंतर लगेच घेतला तर नुकतंच उगवलेलं, गाठी नसलेलं अस्तर हाती येतं. पाळी यायच्या दोन-तीन दिवस आधी घेतला, तर महिनाभरात जमलेल्या गाठी सापडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. हे गणित वर सांगितलेल्या गळण्याच्या चक्रातूनच येतं.

आणि तुकडा कशात ठेवला हे त्याहून महत्त्वाचं. मी शिकाऊ होते तेव्हाची एक सकाळ मला अजून टोचते. एका रुग्णालयात आम्ही अगदी योग्य दिवशी अस्तराचा नमुना घेतला. टेबलावर एकच बाटली होती, फॉर्मालिनची. सगळा नमुना तिच्यात गेला. फॉर्मालिन पेशी टिकवतं आणि जंतू मारतं. संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला की कल्चर होणार नाही, सीबीनॅटही होणार नाही. त्या बाईला पुन्हा पुढच्या पाळीपर्यंत थांबवावं लागलं, आणि ती पुन्हा आलीच नाही. तेव्हापासून तपासणीच्या ट्रेमध्ये मी स्वतः दोन बाटल्या ठेवते : पेशी पाहण्यासाठी फॉर्मालिनची आणि जंतूंसाठी निव्वळ सलाइनची. दोन्हींवर नाव आधी लिहिते, मग बाईला टेबलावर घेते.

दुसरी चूक म्हणजे रोग नसताना सापडणं. पीसीआर ही तपासणी जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधते. तो तुकडा जिवंत जंतूचा की मेलेल्याचा, हे तिला कळत नाही. प्रयोगशाळेतल्या दूषित थेंबानेही ती होकार देते. अशा एकट्या पीसीआरवर गोळ्या सुरू केलेली एक बाई माझ्याकडे आली तेव्हा तिला कावीळ झाली होती, गोळ्यांमुळेच. तिच्या नळ्या मोकळ्या, अस्तर 9 मिलिमीटर, पाळी चार दिवसांची आणि नवऱ्याच्या शुक्रजंतूंची संख्या फार कमी. टीबीचा तिच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. भारताने 2016 साली फुप्फुसाबाहेरच्या टीबीसाठी 'इंडेक्स टीबी' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नुसत्या पीसीआरवर उपचार सुरू करू नयेत, हेच त्यांनी सांगितलं. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी सांगणाऱ्या किटवर तर सरकारने 2012 मध्येच बंदी घातली आहे. मँटूची फुगी जंतूशी कधीतरी गाठ पडल्याचं सांगते, आणि आपल्याकडे ती पुष्कळ मोठ्या माणसांची पडलेली असते.

मग भरवसा कशावर ठेवायचा? सीबीनॅट होकारार्थी आलं तर ते बहुधा खरं असतं. नकारार्थी आलं तर त्यावरून सुटका मानता येत नाही. पेशींच्या तपासणीत टीबीच्या गाठी दिसल्या किंवा कल्चर उगवलं तर प्रश्न मिटतो. दोन्ही नाही आणि संशय मात्र दाट, अशा वेळी दुर्बिणीने पोटात पाहावं लागतं. सुजाताचा अस्तराचा नमुना कोरा आला. दुर्बिणीत मात्र नळ्यांवर आणि गर्भाशयाच्या मागे ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरट दाणे पसरलेले होते, आतडं जागोजागी चिकटलेलं होतं. त्या दाण्यांचा तुकडा घेतला, आणि त्यात गाठीही होत्या, सीबीनॅटमध्ये जंतूही. रिफाम्पिसिनला ते दाद देत होते, एवढी चांगली बातमी त्याच कागदावर होती.

चौथा भाग उपचाराचा, आणि तो तुलनेने सरळ आहे. दोन महिने चार औषधं : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथाम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. वजनाप्रमाणे मात्रा, रोज, एकही दिवस न चुकता. दिल्लीच्या एम्समध्ये सहा आणि नऊ महिन्यांच्या उपचारांची तुलना झाली आणि या रोगाला सहा पुरतात असं दिसलं. औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, खासगी डॉक्टरलाही रुग्णाची नोंद करणं बंधनकारक आहे, आणि आहारासाठी दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. लघवी केशरी होते, घाबरू नये. डोळ्यांना रंग ओळखायला अडचण वाटली किंवा डोळे-लघवी पिवळी होऊन भूक मेली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात, म्हणून या काळात निरोध वापरावा.

घरच्यांसाठी एक परिच्छेद मी मुद्दाम सोप्या शब्दांत लिहिला आहे. फुप्फुस स्वच्छ असेल तर या बाईपासून कुणाला लागण होत नाही. तिचं ताट वेगळं काढायचं कारण नाही, तिला स्वयंपाकघराबाहेर ठेवायचं कारण नाही, पुतण्याला तिच्या मांडीवरून उचलायचं कारण नाही. हा रोग तिला श्वासातून मिळाला आहे, बहुतेक वेळा लहानपणी, त्याच हवेत जी घरातल्या सगळ्यांनी घेतली.

पाचवा भाग लिहायला मला सगळ्यांत जड गेला. औषधं जंतू मारतात. वण तसाच राहतो. म्हणून सहा महिन्यांनी "टीबी बरा झाला" आणि "मूल होईल" ही दोन वाक्यं एकाच श्वासात बोलता येत नाहीत. पायाचा थर शाबूत असताना उपचार झाले तर अस्तर पुन्हा वाढतं, काहींना आपोआप दिवसही राहतात. अशा वेळी सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करायलाच हवी, कारण खडबडीत झालेल्या नळीत गर्भ अडकण्याचा धोका मोठा असतो. नळ्या गेल्या आणि अस्तर वाचलं, तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग चांगला आहे; तो नळ्यांना वळसा घालूनच जातो. फक्त पाण्याने फुगलेली नळी असेल तर ती आधी काढावी किंवा गर्भाशयापाशी क्लिप लावून बंद करावी लागते, नाहीतर तिच्यातलं पाणी झिरपून गर्भ रुजू देत नाही. नळीला असा वळसा घालता येतो, अस्तराला येत नाही. गर्भ प्रयोगशाळेत कितीही चांगला तयार झाला तरी शेवटी त्याला त्याच थरावर टेकायचं असतं.

सुजाताने सगळ्या गोळ्या घेतल्या, या वेळी दहावीचं वर्ष आड येऊ न देता. मग दुर्बिणीने पोकळीतले चिकटलेले भाग सोडवले. कडेचे सहज सुटले, वरच्या कोपऱ्यातला भाग पांढरा, रक्तहीन होता, तो कापला असता तर गर्भाशयाला भोक पडलं असतं, म्हणून सोडून दिला. डाव्या फुगलेल्या नळीला क्लिप लावली. इस्ट्रोजेन देऊन अस्तर 6.5 मिलिमीटरपर्यंत आलं, त्यापुढे हललं नाही. तिची अंडी चांगली होती. चार गर्भ तयार झाले. दोन वेळा एकेक सोडला, दोन्ही रुजले नाहीत. तिसऱ्या वेळेआधी आम्ही तिघं दोन तास बसलो. मी तिला पुढचे सगळे रस्ते सांगितले : आणखी एक प्रयत्न आणि त्यातली खरी शक्यता, 2021च्या कायद्याप्रमाणे मोबदला न घेता दुसरीने गर्भ वाढवण्याचा मार्ग आणि त्याच्या अटी, आणि दत्तक. त्यांनी दत्तकासाठी नाव नोंदवलं.

उठताना तिने विचारलं, "पाच दिवसांचे तीन झाले तेव्हा मी आले असते तर?" मी खोटं बोलले नाही. तेव्हा तिचा पायाचा थर कदाचित बराचसा वाचला असता. नळ्या तेव्हाही गेलेल्या असत्या, पण त्यांना वळसा घालता आला असता.

हे पुस्तक त्या "तेव्हा"साठी आहे. ते गावातल्या डॉक्टरांनी, नर्सताईंनी, आशाताईंनी वाचावं आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येकीला दोन प्रश्न विचारावेत : पाळी पूर्वी किती दिवस जायची आणि आता किती जाते, लहानपणी छातीत पाणी, मानेला गाठी किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या असं काही झालं होतं का. उत्तरं तारखेसह कागदावर लिहावीत. सुजाताच्या फाईलमध्ये सहा वर्षांचे कागद होते. या दोन ओळी तेवढ्या तिच्यात नव्हत्या.